बेलापूर रस्त्यावरची जागा: ऊस, कांदा आणि एका सामायिक बंधनाचे गणित

जानेवारी ते मार्च या काळात श्रीरामपूरच्या रस्त्यांवर दोन हंगाम एकमेकांत शिरतात. साखर कारखान्यांचे गाळप भरात असते आणि त्याच वेळी रांगडा कांदा बाजारात येऊ लागतो. तोडलेला ऊस थांबू शकत नाही. तो वाळला की वजन घटते आणि साखरेचा उतारा उतरतो. कांदाही थांबू शकत नाही, कारण लिलाव ठरल्या वेळी सुरू होतो आणि उशिरा पोचलेल्या गाडीला मागची रांग मिळते. दोन्ही मालांचे मुक्काम वेगळे, मालक वेगळे आणि घाईची कारणेही वेगळी आहेत. वाटेतला एखादा रस्ता मात्र दोघांचा एकच असतो. हा सामायिक रस्ता कोणी, किती आणि कशाच्या आधारावर वापरायचा, या प्रश्नाला गणितात बहुमाल-प्रवाह म्हणतात. त्याचे उत्तर लिनियर प्रोग्रॅमिंगने काढता येते. इथे आपण ते श्रीरामपूर परिसरातल्या एका छोट्या जाळ्यावर काढून पाहू.

जाळे असे आहे. नगर-मनमाड महामार्गावर कोल्हार आणि बाभळेश्वर ही दोन गावे आहेत. कोल्हारहून श्रीरामपूरला जायला दोन वाटा आहेत. एक बेलापूरवरून थेट जाते, तर दुसरी महामार्गाने बाभळेश्वरपर्यंत जाऊन तिथून श्रीरामपूरकडे वळते. श्रीरामपूरच्या रेल्वे स्थानकाचे नावही बेलापूरच आहे, पण या लेखात बेलापूर म्हणजे प्रवरेकाठचे गाव. पहिला माल कांदा. तो कोल्हार भागातून पिकअपमध्ये भरून श्रीरामपूरच्या बाजार समितीत जातो. दुसरा माल ऊस. तो बेलापूरच्या शिवारातून ट्रॅक्टर-ट्रॉलीने श्रीरामपूर शहरातून अशोकनगरच्या कारखान्याकडे जातो. उसासाठी शहर टाळणारा एक लांबचा शिवाररस्ताही आपण जाळ्यात धरू. गावे खरी आहेत. पुढचे वेळेचे, गाड्यांचे आणि क्षमतेचे आकडे मात्र रीत स्पष्ट व्हावी म्हणून सोयीने घेतले आहेत.

दोन्ही माल जिथे एकत्र येतात तो तुकडा एकच आहे: बेलापूर ते श्रीरामपूर. बाकीचे तुकडे एकेका मालापुरते आहेत. म्हणजे सगळा पेच या एका तुकड्यात आहे.

जागा मोजायची कशात?

पहिली अडचण मोजमापाची आहे. रस्त्यावरून तासाला किती गाड्या जातात, असे विचारून भागत नाही, कारण दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आणि मोकळा पिकअप रस्त्यावर सारखी जागा घेत नाहीत. टनही उपयोगाचे नाहीत, कारण रस्ता वजनाने अडत नाही. तो लांबीने आणि संथ गतीने अडतो. यासाठी वाहतूक अभियंते सगळ्या वाहनांना एकाच एककात बदलून घेतात. त्या एककाचे नाव पीसीयू आणि एक मोटारगाडी म्हणजे एक पीसीयू. इंडियन रोड्स काँग्रेसने १९९० साली ग्रामीण रस्त्यांसाठी दिलेल्या तक्त्यात पिकअप १, ट्रक किंवा बस ३ आणि शेतीचा ट्रॅक्टर ट्रॉलीसह ४.५ असे धरले आहे. बैलगाडीला तर तब्बल ८ एकके आहेत. बैलगाडी ट्रॅक्टरपेक्षा लहान असली तरी तिच्या मागे साचणारी रांग मोठी असते, म्हणून हा आकडा मोठा.

आता दोन्ही माल एकाच मापात आले. सकाळच्या एका तासात उसाचे ४० ट्रॅक्टर निघतात, असे धरू. त्यांना रस्त्यावर १८० एकके जागा लागेल. कांद्याचे १२० पिकअप निघतात, त्यांना १२० एकके लागतील. बेलापूर-श्रीरामपूर रस्त्यावर एसटी, दुचाक्या, शाळेच्या गाड्या अशी रोजची वाहतूक वजा करून या दोन मालांसाठी तासाला २१० एकके उरतात. गरज ३०० आणि जागा २१०. म्हणजे ९० एककांची वाहतूक दुसरीकडे वळवावी लागणार.

वळवायच्या वाटांनाही मर्यादा आहेत. शिवाररस्ता तासाला ७२ एकके, म्हणजे १६ ट्रॅक्टर पेलतो. बाभळेश्वरच्या वाटेवर आपल्या पिकअपांसाठी ८० एकके मोकळी आहेत. वेळ अशी: ट्रॅक्टरला शहरातून ३५ मिनिटे आणि शिवाररस्त्याने ६२ मिनिटे. पिकअपला बेलापूरवरून ४० मिनिटे आणि बाभळेश्वरवरून ५० मिनिटे.

एकेक माल घेतला तर

व्यवहारात बहुतेकदा अग्रक्रम ठरवला जातो. आधी एका मालाची सोय लावायची आणि उरलेल्या जागेत दुसरा माल बसवायचा. आपल्या आकड्यांवर ही पद्धत चालवून पाहू.

उसाला आधी जागा दिली, तर चाळीसही ट्रॅक्टर जवळच्या वाटेने म्हणजे शहरातूनच जातील. ते १८० एकके घेतील आणि कांद्याला ३० उरतील. मग ३० पिकअप बेलापूरवरून गेले, तरी उरलेल्या ९० पिकअपांना बाभळेश्वरची वाट धरावी लागेल. तिथे जागा ८०च आहे, त्यामुळे १० पिकअप कोल्हारलाच अडकतील.

कांद्याला आधी जागा दिली, तर १२० एकके जातील आणि उसाला ९० उरतील. त्यात २० ट्रॅक्टर बसतात. उरलेल्या विसांपैकी शिवाररस्ता १६ घेतो आणि ४ ट्रॅक्टर फडातच उभे राहतात.

दोन्ही क्रमांनी गाडी अडते. इथे रस्ताच अपुरा आहे असे वाटून रुंदीकरणाची मागणी होणे स्वाभाविक आहे. पण याच रस्त्यांवरून सगळा ऊस आणि सगळा कांदा त्याच तासात जाऊ शकतो. अट एकच: दोन्ही मालांचा निर्णय एकाच वेळी घ्यायचा. दोन स्वतंत्र मालांची वाहतूक ही एका मालाच्या वाहतुकीची दुप्पट नसते, ती वेगळ्या जातीची समस्या असते, ते इथे दिसते.

समस्या मांडताना

लिनियर प्रोग्रॅमिंगमध्ये आधी अज्ञात राशी ठरवायच्या. आपल्याला चार हव्यात. शहरातून जाणारे ट्रॅक्टर x1, शिवाररस्त्याने जाणारे x2, बेलापूरवरून जाणारे पिकअप y1 आणि बाभळेश्वरवरून जाणारे y2. मग उद्दिष्ट: सगळ्या गाड्यांची मिळून प्रवासाची मिनिटे कमीत कमी असावीत. शेवटी बंधने. ती दोन प्रकारची आहेत. पहिल्या प्रकारची प्रत्येक मालाची स्वतःची असतात, म्हणजे ४० ट्रॅक्टर आणि १२० पिकअप पोचलेच पाहिजेत. दुसऱ्या प्रकारची रस्त्यांची असतात. सगळे मिळून असे लिहिता येते:

```
Minimize
 vel: 35 x1 + 62 x2 + 40 y1 + 50 y2
Subject To
 us: x1 + x2 = 40
 kanda: y1 + y2 = 120
 belapur: 4.5 x1 + y1 <= 210
 shivar: 4.5 x2 <= 72
 babhaleshwar: y2 <= 80
End
```

बंधनांच्या या पाच ओळींतली `belapur` ही ओळ झाकली, तर समस्येचे दोन स्वतंत्र तुकडे पडतात. एकात फक्त ऊस राहतो, दुसऱ्यात फक्त कांदा, आणि प्रत्येक तुकडा लहान मूलही सोडवेल. झाकलेली ओळ परत उघडली की दोन्ही बांधले जातात, कारण x आणि y एकत्र आहेत अशी ती एकमेव ओळ आहे. बहुमाल-प्रवाहाची सगळी अवघडता अशा जोडणाऱ्या ओळींत असते. मोठ्या जाळ्यात प्रत्येक सामायिक रस्त्यामागे अशी एक ओळ येते.

फाइल `us.lp` या नावाने जतन करून मोफत मिळणाऱ्या जीएलपीके या सॉफ्टवेअरला `glpsol --lp us.lp -o uttar.txt` अशी आज्ञा दिली, की उत्तर मिळते. पण हे जाळे इतके लहान आहे की उत्तर हातानेही काढता येते, आणि ते तसे काढण्यातच खरा विचार आहे.

कोणाला वळवायचे?

बेलापूर रस्त्यावरून ९० एकके हलवायची आहेत. पिकअप वळवला तर १० मिनिटे वाढतात, ट्रॅक्टर वळवला तर २७. वरवर पाहता पिकअप वळवणे स्वस्त आहे. बहुतेक माणसे इथेच निर्णय घेतील.

पण आपल्याला गाडी हलवायची नसून जागा मोकळी करायची आहे. एक पिकअप वळवला की एक एकक सुटते, म्हणजे एका एककाला १० मिनिटांचा भाव पडतो. एक ट्रॅक्टर वळवला की साडेचार एकके सुटतात. २७ भागिले ४.५ म्हणजे ६, म्हणून एका एककाला ६ मिनिटांचाच भाव पडतो. लांबचा वळसा घालूनही ट्रॅक्टर हलवणे स्वस्त ठरते.

म्हणून शिवाररस्ता पेलेल तेवढे, म्हणजे १६ ट्रॅक्टर तिकडे पाठवायचे. त्यातून ७२ एकके सुटतात. उरलेल्या १८ एककांसाठी १८ पिकअप बाभळेश्वरवरून जातील. उत्तर असे: शहरातून २४ ट्रॅक्टर, शिवाररस्त्याने १६, बेलापूरवरून १०२ पिकअप, बाभळेश्वरवरून १८. ताळा पाहा. २४ ट्रॅक्टरांची १०८ एकके आणि १०२ पिकअपांची १०२, मिळून बरोबर २१०. कोणीही अडकत नाही. एकूण वेळ ६,८१२ मिनिटे होते. रस्त्यांना मर्यादाच नसती तर ६,२०० मिनिटे लागली असती. म्हणजे जागेच्या टंचाईची किंमत ६१२ मिनिटे आहे. फक्त गाडीमागची मिनिटे पाहून पिकअपच वळवत गेलो असतो, तर ७७ पिकअप आणि ३ ट्रॅक्टर वळवावे लागले असते आणि हीच किंमत ८५१ झाली असती.

रस्त्याचा भाव

यापेक्षा चांगले उत्तर असूच शकत नाही, हे कशावरून? चारपाच पर्याय तपासून तसे म्हणता येत नाही. त्यासाठी लिनियर प्रोग्रॅमिंगमध्ये एक सुंदर साधन आहे. प्रत्येक रस्त्याच्या जागेला एक भाव लावायचा. सॉफ्टवेअर हे भाव उत्तराबरोबरच `Marginal` या रकान्यात ऋण चिन्हासह छापते.

बेलापूर रस्त्यावर एक एकक जास्त जागा मिळाली, तर एक पिकअप बाभळेश्वरऐवजी बेलापूरवरून जाईल आणि १० मिनिटे वाचतील. म्हणून त्या जागेचा भाव एककाला १० मिनिटे. शिवाररस्त्याने आणखी एक ट्रॅक्टर जाऊ शकला, तर त्याची २७ मिनिटे वाढतील, पण बेलापूर रस्त्यावर साडेचार एकके सुटून तिथे ४५ मिनिटे वाचतील. निव्वळ फायदा १८ मिनिटे, म्हणजे एककाला ४. बाभळेश्वरच्या वाटेवर ८०पैकी १८ एककेच वापरली आहेत. तिथे जागा मुबलक आहे, त्यामुळे तिचा भाव शून्य.

आता हे भाव टोलासारखे आकारले असे समजू. ट्रॅक्टरला शहरातून ३५ मिनिटे आणि साडेचार एककांचा ४५ मिनिटांचा टोल, एकूण ८०. शिवाररस्त्याने ६२ मिनिटे आणि १८चा टोल, एकूण ८०च. पिकअपला बेलापूरवरून ४० आणि १०, म्हणजे ५०. बाभळेश्वरवरून टोल नाही, पण ५०च. उत्तर अचूक असल्याची ही खूण आहे: जिथे दोन वाटा वापरात आहेत, तिथे टोलासह दोन्हींची किंमत सारखी येते. एक वाट दुसरीपेक्षा स्वस्त राहिली असती, तर तिकडे आणखी गाड्या वळवून फायदा झाला असता.

आता दुसऱ्या बाजूने बेरीज करू. ४० ट्रॅक्टरांचे प्रत्येकी ८०प्रमाणे ३,२०० आणि १२० पिकअपांचे ५०प्रमाणे ६,०००. त्यातून टोलाची जमा वजा करू: बेलापूर रस्त्याचे २,१०० आणि शिवाररस्त्याचे २८८. उरतात ६,८१२, नेमकी आपल्या उत्तराइतकी मिनिटे. या भावांखाली सगळ्या गाड्या पोचवणारी कोणतीही योजना ६,८१२च्या खाली जाऊ शकत नाही, आणि आपली योजना तिथपर्यंत पोचली आहे. म्हणून ती सर्वोत्तम आहे, हे इथे सिद्ध झाले. हे तंत्र वापरणाऱ्याने दुसऱ्याने काढलेले उत्तर कधीही डोळे झाकून घेऊ नये. भाव मागावेत आणि दोन्ही बाजूंची बेरीज जुळते का ते पाहावे.

भावांचा दुसरा उपयोग निधी कुठे घालायचा हे ठरवताना होतो. या तासापुरते पाहिले तर बाभळेश्वरची वाट रुंद करून एक मिनिटही वाचणार नाही. बेलापूर रस्त्याची क्षमता १० एककांनी वाढली तर १०० मिनिटे वाचतील. पण हा भाव कायमचा नसतो. पहिल्या १८ एककांपर्यंत तो १० आहे. तोवर सगळे पिकअप परत आलेले असतात. पुढे फक्त ट्रॅक्टर परत येतात आणि भाव ६वर उतरतो. एकूण ९० एकके वाढल्यावर तो शून्य होतो. पहिल्या टप्प्यातला फायदा पाहून संपूर्ण रुंदीकरणाचे गणित मांडले, तर ते फुगलेले निघेल.

मोठे जाळे आणि नव्या वाटांचा शोध

आपल्या जाळ्यात प्रत्येक मालाला दोनच वाटा होत्या, म्हणून आपण थेट वाटांवर राशी मांडल्या. खऱ्या तालुक्याच्या जाळ्यात दोन गावांच्या मधल्या वाटा हजारोंनी असतात आणि सगळ्या लिहून काढणे अशक्य होते. १९५८ साली लेस्टर फोर्ड आणि डेल्बर्ट फुलकर्सन या अमेरिकन गणितज्ञांनी यावर उपाय सुचवला. थोड्याच वाटा घेऊन समस्या सोडवायची. त्यातून रस्त्यांचे भाव मिळतील. मग प्रत्येक मालासाठी टोल धरून सगळ्यात स्वस्त वाट शोधायची. ती सध्याच्या किमतीपेक्षा स्वस्त निघाली, तरच ती यादीत घ्यायची आणि समस्या पुन्हा सोडवायची. अशी वाट मिळेनाशी झाली की उत्तर पूर्ण झाले. जॉर्ज डांट्झिग आणि फिलिप वुल्फ यांनी १९६०मध्ये मांडलेल्या विघटन पद्धतीमागे ही कल्पना होती. लिनियर प्रोग्रॅमिंगची सिम्प्लेक्स पद्धत १९४७मध्ये देणारे डांट्झिग ते हेच.

आपल्या उदाहरणात ही कल्पना लगेच वापरून पाहता येते. बेलापूरच्या शिवारातून अशोकनगरला जाणारी आणखी एक कच्ची वाट कोणी दाखवली आणि ती ७० मिनिटांची निघाली, तर ती टाकाऊ वाटेल. शहरातून ३५ मिनिटे लागतात आणि शिवाररस्त्यानेही ६२च. पण टोल धरला तर ट्रॅक्टरची सध्याची किंमत ८० आहे. या वाटेवर टोल नाही, म्हणजे ती ७०ला पडते. तिथे पाठवलेल्या पहिल्या चार ट्रॅक्टरांपैकी प्रत्येक जण एकूण हिशेबात १० मिनिटे वाचवेल. वाट ८५ मिनिटांची असती तर मात्र ती घेण्यात अर्थ नव्हता. घड्याळाकडे पाहून ७० आणि ८५ या दोन्ही वाटा वाईटच दिसतात. त्यांतला फरक भाव दाखवतो.

वाटांऐवजी रस्त्याच्या प्रत्येक तुकड्यावर राशी मांडण्याचीही रीत आहे. तिथे प्रत्येक गावासाठी समतोलाचे समीकरण लागते: गावात जितके आले, तितकेच बाहेर गेले पाहिजे. नवशिक्यांची सर्वांत सामान्य चूक इथे होते. समतोल दोन्ही मालांची बेरीज करून लिहिला, तर समीकरणे पूर्ण दिसतात, सॉफ्टवेअर तक्रार करत नाही, आणि उत्तरात बेलापूरला ऊस आणि कांदा एकमेकांत बदलले जातात. एकूण एकके जुळतात, पण कांदा कारखान्याच्या गव्हाणीत आणि ऊस बाजार समितीच्या आवारात पोचतो. म्हणून नियम असा: समतोल प्रत्येक मालाचा वेगळा आणि क्षमता सगळ्या मालांची एकत्र. हे उलटे झाले, म्हणजे प्रत्येक मालाला वेगवेगळी २१०ची क्षमता दिली, तर एकाच रस्त्यावर ३०० एकके भरली जातात आणि उत्तर खोटेच स्वस्त दिसते. दोन्ही चुका पकडण्याची परीक्षा सोपी आहे. उत्तर आल्यावर प्रत्येक मालाचा माग शेवटच्या गावापर्यंत काढायचा आणि प्रत्येक रस्त्यावरची दोन्ही मालांची बेरीज पुन्हा करायची.

अर्धा ट्रॅक्टर

शिवाररस्त्याची क्षमता मी ७२ घेतली, म्हणून ट्रॅक्टर बरोबर १६ आले. ती ७० असती तर सॉफ्टवेअरने १५.५६ ट्रॅक्टर सांगितले असते. १६ पाठवले तर क्षमता मोडते. १५ पाठवले तर २३ पिकअप वळवावे लागतात आणि टंचाईची किंमत ६२०वरून ६३५वर जाते. इतक्या लहान जाळ्यात हे हाताने निभावते.

मोठ्या जाळ्यात ते निभावत नाही. इथेच एक माल आणि दोन माल यांत मूलभूत भेद आहे. एकच माल असेल आणि सगळ्या क्षमता व मागण्या पूर्णांकात असतील, तर पूर्णांकातले सर्वोत्तम उत्तर नेहमी मिळते. वेगळे प्रयत्न करावे लागत नाहीत. माल दोन झाले की ही हमी जाते, मग प्रत्येक गाडी एकच एकक घेत असली तरीही. शिमॉन इव्हन, अलॉन इताई आणि आदी शामीर यांनी १९७६मध्ये सिद्ध केले, की दोन मालांचाच प्रवाह पूर्णांकात हवा असेल, तर ती समस्या एनपी-पूर्ण या अत्यंत अवघड गटात मोडते. त्यासाठी कोणतीही झटपट रीत आजवर सापडलेली नाही.

इताई यांनी १९७८मध्ये याहून थक्क करणारी गोष्ट दाखवली. लिनियर प्रोग्रॅमिंगची कोणतीही समस्या दोन मालांच्या प्रवाहाच्या समस्येत बदलून लिहिता येते. म्हणजे दोन माल आणि सामायिक रस्ते एवढ्यात लिनियर प्रोग्रॅमिंगची पूर्ण ताकद आणि पूर्ण अवघडता सामावलेली आहे. तिसऱ्या, चौथ्या मालाची वाट पाहावी लागत नाही. दुसरा माल आला की सगळी गुंतागुंत आलेली असते.

हे गणित कुठे थांबते

आपल्या मांडणीने धरले आहे, की रस्ता भरेपर्यंत प्रवासाचा वेळ तोच राहतो. खऱ्या रस्त्यावर तसे होत नाही. क्षमतेच्या जवळ जाऊ लागताच वेग पडतो, आणि २१०पैकी २०५ एकके भरलेल्या रस्त्यावर ३५ मिनिटांचा प्रवास ३५चा राहत नाही. यावर व्यवहारी उपाय म्हणजे रस्त्याची जागा टप्प्यांत वाटणे. उदाहरणार्थ, पहिली १५० एकके साध्या वेळेने आणि पुढची ६० वाढीव वेळेने. वाढत जाणारी किंमत अशी तुकड्यांनी मांडली, तर समस्या लिनियरच राहते.

दुसरी गोष्ट परतीची. दोन पदरी रस्त्याची क्षमता दोन्ही दिशा मिळून सांगितली जाते, कारण ओव्हरटेक करणारी गाडी समोरच्या पदरातली जागा वापरते. सकाळी कारखान्यात रिकाम्या झालेल्या ट्रॉल्या त्याच रस्त्याने परत येतात. त्या हिशेबात नसतील, तर २१० हा आकडाच चुकलेला असेल. त्यांना तिसरा माल मानून त्याच सामायिक ओळीत बसवावे लागते. रिकामी ट्रॉलीही रस्त्यावर भरलेल्या ट्रॉलीइतकीच लांब असते.

तिसरी मर्यादा माणसांची आहे. गणित म्हणते, १६ ट्रॅक्टरांनी ६२ मिनिटांचा रस्ता धरावा. आपल्याला ३५ मिनिटांत पोचता येत असताना कोणता चालक स्वतःहून २७ मिनिटे जास्त घालवेल? आपला ट्रॅक्टर शहरातून गेल्याने साडेचार पिकअप मागे हटतात, हे त्याला स्टिअरिंगवरून दिसत नाही. दोन मालांच्या स्वभावातला फरक इथे उपयोगी पडतो. कांद्याचा प्रत्येक पिकअप स्वतंत्र शेतकऱ्याचा किंवा भाड्याने केलेल्या गाडीवाल्याचा असतो. त्या सगळ्यांना एकत्र सूचना देणारे कोणी नाही. उसाची तोड मात्र कारखान्याच्या कार्यक्रमाने होते. कोणत्या गटातली तोड केव्हा आणि कोणती वाहने कुठे, हे शेतकी विभाग ठरवतो, आणि वाहतुकीचा दर अंतरावर ठरत असल्याने वळशाचे पैसे मोजता आणि देता येतात. जागेमागचा वळसा ज्याला स्वस्त पडतो, तोच माल सूचना पाळू शकणाराही आहे.

म्हणून हे खऱ्या रस्त्यावर करायचे तर सुरुवात बेलापूरच्या बाजूने शहरात येणाऱ्या वाहनांच्या मोजणीने करावी. सकाळच्या वेळात, तासातासाने, प्रकारवार, दोन्ही दिशांनी. गाड्या मोजून थांबू नये, तक्त्यातल्या एककांनी गुणून बेरीज करावी. ती बेरीज क्षमतेच्या खाली असेल, तर त्या तासात जागेचा भाव शून्य आहे आणि कोणालाही वळवण्याचे कारण नाही. ती वर गेली, तर किती एकके हलवायची हे कळते. मग प्रत्येक मालाला एकच प्रश्न विचारायचा: एक एकक मोकळे करायला तुला किती मिनिटे लागतात?